ताई, त्या बद्द आवाजाबद्दल आभार

आदरणीय ताई,

माझ्या भाषणाआधी तुम्ही माझी ओळख करून देणार होतात, त्या कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी तुमचा फोन आला तेव्हा मला वाटलं, आडनावाचा उच्चार विचारायचा असेल. तुम्ही म्हणालात, "तुमचा परिचय वाचते, तुम्ही फक्त ऐका." आणि माझाच परिचय मला वाचून दाखवलात. ‘स्ट्रक्चरल ऑडिटर, एम.टेक., १८ वर्षांचा अनुभव, विविध प्रकल्पांच्या सल्लागार...’ तिसऱ्या ओळीला माझंच लक्ष उडालं. मग तुम्ही विचारलंत, "ऑडिटर म्हणजे हिशेब तपासता का हो?"

राग आला होता, खरं सांगते. पण खोटं काय बोलायचं, जवळचे नातेवाईकसुद्धा दरवर्षी मला कराचं विवरणपत्र भरून देशील का म्हणून विचारतात! हुद्दा सांगितला की काम कळलं असं मी धरून चालले होते. ‘दंतवैद्य’ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. माझ्या हुद्द्याने लोक भलत्याच खोलीत जाऊन बसतात.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण त्या तासाभरात तुम्ही जे शिकवलंत ते मी नंतर बऱ्याच जणांना सांगितलं, आणि दरवेळी अर्धवट. ‘परिचयाची सुरुवात एखाद्या प्रसंगाने करा’ एवढंच त्यांच्या डोक्यात राहतं. मग ते लहानपणापासून सुरुवात करतात.

तुम्ही प्रसंगाने सुरुवात करायला सांगितलंत तेव्हा मीही तेच केलं होतं. माझं पहिलं वाक्य होतं, ‘लहानपणी त्या वाळूचे किल्ले बांधायच्या.’ तुम्ही म्हणालात, "हे वाक्य शिल्पकाराला लावून बघा. बालरोगतज्ज्ञाला लावून बघा." दोघांनाही चपखल बसलं. जो प्रसंग कुणाच्याही परिचयात खपतो, तो माझा नाही.

दुसऱ्या वेळी मी माझा हुकमी एक्का काढला. एका रात्री एक इमारत तातडीने रिकामी करायला लावली होती, लोक अंथरुणं घेऊन रस्त्यावर उभे होते. ऐकताना तुम्ही गप्प झालात, मला वाटलं जमलं. तुम्ही दोनच प्रश्न विचारलेत. "असं किती वेळा झालं?" एकदाच, १८ वर्षांत. "आणि रस्त्यावर उभे होते त्यांच्यापैकी कुणी उद्या सभागृहात असेल तर?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो त्यांच्या आयुष्यातला वाईट दिवस होता आणि मी त्याचा माझ्या ओळखीसाठी झेंडा करत होते. शिवाय त्या प्रसंगाने लोकांना वाटलं असतं की मी आले म्हणजे इमारत पडणार. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी माझा सल्ला डागडुजीचा असतो.

मग तुमचा तो प्रश्न आला, "एखाद्या साध्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजता, हातात काय असतं?"

हातोडी असते. लहानशी. तिने खांबावर ठोकत जायचं आणि ऐकायचं. काँक्रीट एकसंध असेल तर आवाज खणखणीत येतो. आतली सळई गंजली की गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, तो फुगतो आणि बाहेरचा काँक्रीटचा थर आतून सुटतो. वरून बघायला सगळं ठीक, पण हातोडी मारली की आवाज बद्द येतो. तिथे खडूने गोल काढायचा आणि पुढे जायचं. हे सगळं मी तुम्हाला सहज, वाक्यं न जुळवता सांगत होते. तुम्ही पलीकडे लिहून घेत होतात.

त्यातून जे तयार झालं ते अजून जपून ठेवलंय:

‘खांबावर त्या हातोडीने ठोकत जातात. आवाज खणखणीत, खणखणीत, आणि एका ठिकाणी बद्द. तिथे त्या खडूने गोल काढतात. उभ्या इमारतींची अशी तपासणी, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, हे त्यांचं १८ वर्षांचं काम.’

हुद्दा गेला नाही, चौथ्या वाक्यात आला. तुम्ही त्याबाबत हट्टी होतात. प्रसंग लांबला आणि ‘ही बाई नक्की करते काय’ हा प्रश्न तसाच लटकला, की श्रोता वैतागतो, असं तुमचं म्हणणं. पण आता हुद्द्याआधी त्याचा अर्थ पोचलेला होता. ‘ऑडिट’ ऐकून कुणाला वहीखातं आठवलं नसतं.

रात्री मी ते एका सहकाऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "गिलावा सुटला असेल तरी आवाज बद्दच येतो." बरोबर होतं. वरचा गिलावा सुटणं आणि आतलं काँक्रीट सुटणं यात केवढा फरक! सभागृहात एखादा जाणकार बसला असता तर पहिल्याच वाक्याला त्याने भुवई उंचावली असती. पहाटे तुम्हाला निरोप पाठवला, ‘खांबावर’च्या आधी ‘गिलावा काढलेल्या’ घाला. दोन शब्दांनी वाक्य जरा जड झालं, पण ते काढून चाललं नसतं. हुद्दा ढोबळ असला तरी चालतो. प्रसंगात चूक राहिली तर ती पहिल्या ओळीतच दिसते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ‘बद्द’नंतर क्षणभर थांबलात. भाषण संपल्यावर पहिला प्रश्न आला तो खडूच्या गोलाचं पुढे काय होतं हा. लोक माझ्या विषयात आधीच शिरलेले होते, एरवी तिथवर आणायला माझी पहिली दहा मिनिटं जातात.

आता तुम्हाला न सांगितलेली गोष्ट. त्या परिचयावर मी इतकी खूश झाले की तोच सगळीकडे चिकटवला. सल्लागारांच्या यादीत नाव घालण्यासाठीच्या अर्जातही. तिथून फोन आला, "मॅडम, नोंदणी क्रमांक कुठे आहे?" त्या माणसापुढे अर्जांचा गठ्ठा होता, त्याला हातोडीचं काय? एका ऑनलाइन सूचीत तर पहिल्या ओळीनंतर मजकूर कापला जात होता, त्यामुळे माझ्या नावाखाली नुसतं ‘गिलावा काढलेल्या खांबावर त्या हातोडीने...’ एवढंच उरलं. कुणी गवंडी समजलं असेल तर त्यात त्याची चूक नाही.

तुम्ही फोनवर ‘हे ऐकायला बसलेल्यांसाठी’ असं ओझरतं म्हणाला होतात, ते मला तेव्हा कळलं. बसलेला माणूस दोन वाक्यं थांबतो. शोधणाऱ्याला आधी हुद्दा आणि क्रमांक लागतो, आणि ते त्याचं चुकत नाही. आता माझे दोन परिचय आहेत. सूचीतला हुद्द्याने सुरू होतो, अगदी कोरडा, आणि तो तसाच राहणार.

अजून एक अडचण आहे, म्हणून खरं तर आता लिहायला बसले. गेली दोन वर्षं हातोडी माझ्या हाताखालच्या मुलांकडे असते. मी त्यांचे अहवाल तपासते, कुठे जुजबी दुरुस्ती आणि कुठे खांबाला नवं कवच घालायचं ते ठरवते. ते ‘ठोकत जातात’ वाचलं की हल्ली मला ओशाळल्यासारखं होतं. पुढच्या महिन्यात एक व्याख्यान आहे आणि पहिलं वाक्य अजून सापडलेलं नाही. तुम्ही काय विचाराल ते मात्र माहीत आहे. मंगळवारी अकरा वाजता माझ्या हातात एका खांबाचा फोटो होता, त्यावर खडूचे सात गोल होते, आणि आठवा का नाही हे मी त्या मुलाला विचारत होते.

यातून काही निघतंय का, बघाल?

तुमची,
हिशेब न तपासणारी ऑडिटर