बाबा, आधी वरचं खातं बघा

पुणे, रविवार

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न.

सीएंकडून आलेली दोन्ही वर्षांची अंतिम खाती काल रात्री नीट वाचली. बाबा, फोनवर तुम्ही म्हणालात, "यंदा सव्वा लाखाने नफा जास्त, दुकान चांगलं चाललंय." आकडा बरोबर आहे. 2023-24 चा निव्वळ नफा 4,50,000 होता, 2024-25 चा 5,72,000 आहे. पण त्यावरून दुकान चांगलं चाललंय असं मला म्हणवत नाही. फोनवर हे नीट सांगता येईना, म्हणून लिहितेय.

त्या कागदावर खरं तर दोन खाती आहेत. वर व्यापार खातं आणि खाली नफा-तोटा खातं. तुम्ही थेट तळाची ओळ बघता. बहुतेक सगळेच दुकानदार तसं करतात म्हणा.

वरचं खातं फक्त मालाचं असतं. सुरुवातीचा साठा, त्यात वर्षाची खरेदी आणि माल दुकानात येईपर्यंतचं भाडं, हमाली. त्यातून 31 मार्चला फळीवर उरलेला माल वजा केला की विकलेला माल आपल्याला कितीला पडला ते कळतं. विक्रीतून तो आकडा काढला की ढोबळ नफा. तोच खाली नफा-तोटा खात्यात जमेला जातो आणि त्यातून पगार, वीज, व्याज, किरकोळ खर्च वजा होतात. सांगलीहून पोती आणणाऱ्या टेम्पोचं भाडं वर, आणि गिऱ्हाइकाकडे माल पोचवणाऱ्या टेम्पोचं खाली. हा टेम्पोचा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपले आकडे. 2023-24 मध्ये विक्री 60 लाख, विकलेला माल पडला 51 लाखांना, ढोबळ नफा 9 लाख. म्हणजे विक्रीच्या शेकडा 15. 2024-25 मध्ये सुरुवातीचा साठा 5,60,000, खरेदी 58,50,000, भाडं-हमाली 70,000, अखेरचा साठा 6,72,000. म्हणजे माल पडला 58,08,000 ला. विक्री 66 लाख, ढोबळ नफा 7,92,000. शेकडा 12.

विक्री सहा लाखांनी वाढली आणि ढोबळ नफा 1,08,000 ने घटला! जुन्याच प्रमाणाने 66 लाखांवर 9,90,000 मिळायला हवे होते. म्हणजे 1,98,000 कुठेतरी गेले, आणि तळाच्या ओळीत त्याचा मागमूस नाही.

तो का नाही, तेही खालच्या खात्यातच दिसतं. कर्ज फिटत आल्यामुळे व्याज 1,00,000 वरून 10,000 वर आलं. काउंटरवरचा एक माणूस गेला, पगारात 1,20,000 वाचले. वरची खोली भाड्याने दिली, त्याचे 60,000 आले. तुमचा नफा वाढला तो यांतून. यातली एकही गोष्ट माल विकून झालेली नाही, आणि व्याज काही दुसऱ्यांदा 90,000 ने कमी होणार नाही. त्या माणसाच्या जागी आई आता गल्ल्यावर बसते. आई, तुझा पगार कुठल्याच खात्यात लिहिलेला नाही, म्हणून तो "वाचला". मालकाच्या घरच्या माणसाचे श्रम हिशेबात फुकट धरले जातात, आणि निव्वळ नफा तेवढा फुगलेला दिसतो.

मग 1,98,000 गेले कुठे? आधी मला साठ्याचीच शंका आली. अखेरचा साठा कमी लिहिला की ढोबळ नफा तेवढाच कमी दिसतो, आणि पुढच्या वर्षी आपोआप जास्त. पण तसं असेल तर 31 मार्चला दुकानात 6,72,000 ऐवजी 8,70,000 चा माल असायला हवा होता. मागच्या खोलीची उंची मला माहीत आहे, एवढा माल तिथे मावत नाही. शिवाय साठावही तुम्ही खरेदी भावानेच लिहिलीय, तपासली मी. दुसरी शंका घरी नेलेल्या मालाची. तो उचल म्हणून खरेदीतून वजा करावा लागतो, नाहीतर विकला न जाताच तो विकलेल्या मालात मोजला जातो. पण दोघांच्या घरात दोन लाखांचा किराणा कसा लागेल? चोरीचा विचारही आला, लपवत नाही. मग तुम्ही फोटो पाठवलेलं मेसचं बिलबुक उघडलं.

बाबा, तीन मेसना वर्षभरात 16 लाखांचा माल गेलाय. तेल, साखर, तांदूळ, तूरडाळ. सगळा कमी सुटणारा माल, आणि तोही घाऊक भावाला. खरेदीच्या बिलांशी जुळवून पाहिलं, भाडं-हमाली धरून तो 15,58,000 ला पडला. म्हणजे सुटले 42,000, शेकडा अडीचच्या थोडे वर. आणि मेसपर्यंत माल नेणाऱ्या टेम्पोचे 36,000 नफा-तोटा खात्यात आहेत, म्हणून ते ढोबळ नफ्यातही दिसत नाहीत. उरले सहा हजार. त्यातून दीड-दीड महिना थकणाऱ्या उधारीचा भुर्दंड वेगळा. ढोबळ नफाही सगळं सांगत नाही, तो असा. पण कुठे बघायचं ते त्यानेच दाखवलं.

खरी काळजी याच्या पुढची आहे. 66 मधून 16 वजा केले की काउंटरची विक्री उरते 50 लाख. त्यावर ढोबळ नफा 7,50,000, म्हणजे शेकडा 15. तुमचा भाव चुकलेला नाही, मालात गळती नाही, कोणी काही उचलत नाही. पण आदल्या वर्षी काउंटरवर 60 लाख होते. दहा लाखांचं रोजचं गिऱ्हाईक गेलंय. मेसच्या विक्रीने एकूण विक्रीतली ती खोट भरून काढली, आणि व्याज-पगाराच्या बचतीने नफ्यातली. दोन्ही एकाच वर्षी झाल्यामुळे कागद छान दिसतो.

मेस बंद करा असं मी आजच म्हणत नाही. त्या मालामुळे एकूण खरेदी वाढून व्यापाऱ्याकडून भावात काही सूट मिळत असेल, तर तो फायदा काउंटरच्या 15 मध्ये लपलेला असू शकतो. ते तुम्हालाच माहीत. मला सांगा, मेस सुरू झाल्यापासून तेलाच्या डब्यामागे काही सुटलं का?

तोवर एक करा. मेसची विक्री आणि काउंटरची विक्री वहीत वेगळ्या पानांवर लिहा, आणि मेसच्या टेम्पोचं भाडं त्याच पानाखाली. आई, संध्याकाळी गल्ला मोजतेस तेव्हा काउंटरचा आकडा तूच लिही, बाबा दोन्ही एकत्र करतात. आणि नेहमीची जी घरं आता येत नाहीत, त्यांची नावं तुला आठवतीलच. ती एका कागदावर काढून ठेव. पुढच्या शनिवारी मी येतेय, त्या यादीवर बसू.

बाबांची बीपीची गोळी चुकू देऊ नकोस.

तुमची,
ताई