सूचना : भाषण लिहून मागताना

सभासदहो, “लग्नात बोलायचंय, छान भाषण लिहून द्या” एवढ्याच निरोपावर कृपया भाषण मागू नका. बोलणारा नवरीचा कोण, हेच कळलं नाही तर पहिलं वाक्यसुद्धा लिहिता येत नाही. मोठा भाऊ तिला ‘तू’ म्हणेल, लहानपणीची भांडणं सांगेल; सासरे तेच बोलले तर विचित्र वाटेल. नातं माहीत नसताना लिहिलेलं भाषण कोणाच्याही लग्नात खपतं, म्हणून ते कोणालाच भिडत नाही.

निरोप समारंभाचंही तसंच. माणूस निवृत्त होतोय की बदलीवर जातोय, बोलणारा त्याचा वरिष्ठ की हाताखालचा, हे सांगा. समोर फक्त ऑफिसमधली मंडळी असतील तर कामातली थट्टा चालते. घरचेही असतील तर तीच त्यांना टोचू शकते.

भाषा आणि सूर, म्हणजे हसवायचं की हळवं व्हायचं, तेही कळवा. सोबत एक खरा प्रसंग हवाच. नमुना असा : “धाकट्या बहिणीचं लग्न, दोन्हीकडचे नातेवाईक, मराठी, हलकंफुलकं, तीन मिनिटं, सायकल मीच शिकवली.” एवढ्यावर लिहायला बसता येतं.