पाकिटावरचं सोडियम आणि बाबांचं मीठ

ती. आई-बाबा,
सा. न.

मागच्या आठवड्यात परभणीला आले होते, तेव्हा बाबा शेवेचं पाकीट दाखवून म्हणाले, "हे बघ, ८०० मिलिग्रॅम. म्हणजे एक ग्रॅमसुद्धा मीठ नाही. डॉक्टरांनी पाच ग्रॅमपर्यंत चालेल म्हणून सांगितलंय." तेव्हा गाडीची वेळ झाली होती, म्हणून बोलले नाही. पण ते मनातून जात नाही.

बाबा, तो आकडा मिठाचा नाही, सोडियमचा आहे. मिठात सोडियम साधारण चाळीस टक्के असतं, बाकीचं क्लोराईड. म्हणून सोडियमच्या आकड्याला अडीचनं गुणायचं, मग मीठ निघतं. ८०० गुणिले अडीच म्हणजे २०००, म्हणजे दोन ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, तीच मर्यादा सोडियममध्ये २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी अशी सांगते. तुम्ही सोडियमचा आकडा मिठाच्या मर्यादेशी ताडून पाहिलात, तिथंच हिशोब चुकला.

आता हे दोन ग्रॅम कशातले? त्याच रकान्याच्या डोक्यावर '१०० ग्रॅममध्ये' असं छापलेलं आहे. शेजारच्या रकान्यात ३० ग्रॅमचा आकडा आहे, तो लहान म्हणून बरा वाटतो. पण चार वाजताच्या चहाबरोबर तुम्ही घेता ती वाटी मी आईच्या काट्यावर ठेवून पाहिली, शेव ६० ग्रॅम भरली. म्हणजे सोडियम ४८० मिलिग्रॅम, मीठ १.२ ग्रॅम. दिवसाचा जवळजवळ पाव हिस्सा एका वाटीत, आणि भाकरीबरोबरच्या ठेच्याला अजून हातही लागलेला नाही.

आई, तुझ्या डब्यातल्या विकतच्या पापडाचंही पाकीट पाहिलं. १०० ग्रॅमला १८०० मिलिग्रॅम. दोन पापड २० ग्रॅमचे धरले तर ३६० मिलिग्रॅम, म्हणजे ०.९ ग्रॅम मीठ. तू म्हणशील, पापड एवढा खारट कुठं लागतो? त्यातलं काही सोडियम पापडखारातून येतं. त्याला मिठाची चव नसते, पण रक्तदाबाच्या दृष्टीनं तेही मोजावंच लागतं. खायच्या सोड्याचंही तसंच. म्हणून जिभेवर जाऊ नकोस, आकडा बघ.

शेव आणि पापड मिळून २.१ ग्रॅम झालं. उरलं २.९, त्यात दोन्ही वेळची भाजी, वरण, ठेचा, लोणचं. मला वाटतं भाजीतलं मीठ मारून बाबांची भूक घालवण्यापेक्षा शेवेची वाटी अर्धी करावी.

सैंधव आणायचा विचार सोड, तेही बहुतेक सोडियम क्लोराईडच आहे. आणि कमी सोडियमचं म्हणून विकतात त्या मिठात पोटॅशियम असतं. बाबांच्या बीपीच्या गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात नको.

खाऱ्या बिस्किटांच्या पुड्याचा मागच्या बाजूचा फोटो पाठवा. रविवारी फोनवर आकडा बाबांनी काढायचा, मी नुसती ऐकीन.

तुमची,
छोटी