नकाशा तुमचा, शिक्का तुमचा आणि दंड आमचा : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार. मी मराठवाड्यातल्या एका नगरपरिषदेच्या हद्दीत, एक गुंठ्याच्या प्लॉटवर राहते. मालमत्ता कर वेळेवर भरते. गुंठेवारी नियमित करताना मागितलं तेवढं शुल्कही भरलं आहे. गेल्या आठवड्यात पालिकेची नोटीस आली. माझ्या शोषखड्ड्याचं पाणी रस्त्यावर येतं, सात दिवसांत बंदोबस्त करा, नाहीतर पाच हजार दंड.

बंदोबस्त करायला मी तयार आहे. फक्त कसा करायचा तेवढं सांगा. कारण हा शोषखड्डा मी मनाने खणलेला नाही. बांधकाम परवानगीच्या नकाशात तो काढलेला आहे आणि त्याच नकाशावर पालिकेचा गोल शिक्का आहे.

नकाशात लिहिलंय : संडासाची सेप्टिक टाकी ५ बाय ३ बाय ४ फूट, शोषखड्डा ३ फूट व्यासाचा, ५ फूट खोल. आमच्या गल्लीत प्रत्येकाच्या नकाशात हेच. घरात माणसं चार असोत की चौदा, माती मुरमाड असो की काळीभोर. आमच्याकडे खाली आम्ही पाच आणि वर चार भाडेकरू, म्हणजे नऊ माणसं.

आता हिशेब बघा. ५ गुणिले ३ गुणिले ४ म्हणजे ६० घनफूट, कागदावर १,७०० लिटर. पण टाकी काठोकाठ भरत नसते. बाहेर जाणारा पाइप वरून एक फूट खाली असतो, पाणी तिथपर्यंतच राहतं. म्हणजे खरी टाकी ४५ घनफूट, साधारण १,२७५ लिटर. त्यात गाळ आणि वरची साय मिळून तिसरा हिस्सा अडवतात. उरले साडेआठशे. आणि नकाशात संडासाबरोबर न्हाणीघर, स्वयंपाकघर सगळंच या टाकीत सोडलंय. माणशी १०० लिटर धरले तर रोजचे ९००. मैला खाली बसायला पाण्याने टाकीत निदान एक दिवस थांबावं लागतं. इथे ते एक दिवससुद्धा थांबत नाही, गाळासकट पुढे शोषखड्ड्यात जातं आणि तिथली भोकं बुजवतं.

सेप्टिक टाक्यांसाठी भारतीय मानक २४७० नावाचं पुस्तक देशाच्या मानक संस्थेनेच काढलंय, आवृत्ती १९८५ ची. त्यात दहा माणसांसाठी टाकी २ मीटर लांब, ०.९ मीटर रुंद, आणि पाण्याची खोली वर्षाला उपसणार असाल तर १ मीटर, दोन वर्षांनी उपसणार असाल तर १.४ मीटर. पाण्याची खोली, महोदय, टाकीची नव्हे. वर ३० सेंटिमीटर मोकळी जागा वेगळी. आमच्या नकाशात रुंदी तेवढी जुळते, लांबी आणि पाण्याची खोली दोन्ही कमी.

पण टाकी मोठी केली असती तरी मी आज हेच पत्र लिहिलं असतं, कारण खरं दुखणं मातीचं आहे. महिन्यापूर्वी मैल्याची गाडी बोलावली, दोन हजार मोजले. टाकी रिकामी झाली आणि गाडीवाला पाइप गुंडाळतोय तोवर बाहेर जाणाऱ्या पाइपातून शोषखड्ड्याचंच पाणी उलटं टाकीत यायला लागलं. गाडीवाला हसला. म्हणाला, 'ताई, टाकी नाही भरली, खड्डा भरलाय. काळ्या मातीत सगळीकडे असंच.' अशिक्षित माणसाला कळतं ते परवानगी देणाऱ्यांना कळू नये?

त्याच मानकात मातीची परीक्षा दिली आहे आणि ती कुणालाही जमते. जिथे शोषखड्डा करायचा तिथे त्याच खोलीवर वीतभर रुंद भोक घ्यायचं, तळाला थोडी वाळू, मग पाणी भरून रात्रभर माती भिजू द्यायची. दुसऱ्या दिवशी १५ सेंटिमीटर पाणी ठेवून अर्ध्या तासात किती उतरतं ते पट्टीने मोजायचं. रात्रभर भिजवणं महत्त्वाचं, कारण मे महिन्यात काळी जमीन भेगाळलेली असते, बादलीभर पाणी बघता बघता गिळते. पावसात तीच फुगते आणि थेंब घेत नाही. आमच्याकडे भाच्याने ही परीक्षा केली. शेवटच्या अर्ध्या तासात पाणी ८ मिलिमीटर उतरलं. म्हणजे २५ मिलिमीटर उतरायला ९४ मिनिटं.

मानक म्हणतं, ३० मिनिटांपर्यंत शोषखड्डा चालेल. ३० ते ६० असेल तर खड्डा नको, पसरट चर खणा. ६० च्या वर दोन्ही नको, पाणी खडीच्या गाळणीतून काढा. आमची माती ९४! तरीही परवानगीत शोषखड्डाच. मी हट्टाने हिशेब केला. ६० मिनिटांच्या मातीत एक चौरस मीटर भिंत दिवसाला २६ लिटर पिते, तळ हिशेबात धरत नाहीत. ९०० लिटरला ३५ चौरस मीटर भिंत लागेल. एक मीटर व्यासाचा खड्डा असेल तर तो ११ मीटर खोल! विहीरच की. आणि आमची माती त्याहूनही वाईट. हेच फक्त संडासाचं पाणी असतं, समजा २७० लिटर, आणि १० मिनिटांचा मुरूम असता, तर साधारण १.३ मीटर खोलीत काम भागलं असतं. नकाशातला खड्डा त्या मातीसाठी आहे. ती माती आमच्या गावात नाही.

आणखी गंमत ऐका. मानकात शोषखड्डा घरापासून ६ मीटर आणि पिण्याच्या पाण्यापासून १८ मीटर दूर हवा. १८ मीटर म्हणजे ५९ फूट. माझा प्लॉट ३३ बाय ३३ फूट. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरकं मोजलं तरी ४७. शेजाऱ्यांची बोअर माझ्या खड्ड्यापासून बारा फुटांवर आहे आणि उन्हाळ्यात अर्धी गल्ली तिचंच पाणी पिते, कारण तुमचा नळ आठवड्यातून एकदा येतो. असे प्लॉट आमच्या हद्दीत चार-पाच हजार तरी असतील. आकडा चुकत असेल तर खरा आकडा काढा, गुंठेवारीचं शुल्क घेताना तुम्ही सगळे मोजलेच होते. शुल्क घेतानाच्या सभेत भुयारी गटाराचं आश्वासनही होतं. त्याचे पाइप पाण्याच्या टाकीमागे पडून आहेत, आत कुत्री वितात.

आम्हाला मोठं गटार नको, तेवढे पैसे नसतील तर नसोत. गाळ घरच्या टाकीतच राहू द्या. फक्त टाकीतून निघालेलं पाणी वाहून नेणारी १०० मिलिमीटरची बारीक लाइन गल्लीत टाका, शेवटी एक गाळणी बांधा. हा पर्याय अभियांत्रिकीत जुनाच आहे. तोवर नोटिसा मागे घ्या, शोषखड्ड्याची छापील मापं परवानगीतून काढा आणि माती मोजल्याशिवाय शिक्का मारू नका. टाक्या वेळच्या वेळी उपसायला पालिकेची गाडी वॉर्डाप्रमाणे फिरवा, म्हणजे कुणी तुंबलेल्या टाकीत माणूस उतरवणार नाही. २०१३ च्या कायद्याने ते गुन्हा आहे, पण स्वस्त पडतं म्हणून अजूनही चालतं.

दंडाचे पाच हजार मी भरणार नाही. त्या नकाशाची प्रत सोबत जोडली आहे. शिक्का कुणाचा आहे तो वाचा आणि नोटीस त्या टेबलावर पाठवा.

आपली,
एक करदाती मिळकतधारक