जिन्याचा भार पायऱ्या नव्हे, खालची तिरकी स्लॅब वाहते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील घरबांधणीविषयक लेखात ‘पायरी जितकी जाड, तितका जिना मजबूत’ असे विधान होते. सोबतच्या आकृतीत जिन्याची सळई लँडिंगपाशी कोपऱ्याबरोबर वाकवून दाखवली होती. आकृती पाहून कोणी तसेच सेंट्रिंगवर लोखंड बांधले तर ते धोक्याचे ठरेल, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आरसीसी जिन्यात भार वाहते ती पायऱ्यांखालची तिरकी स्लॅब. तिला वेस्ट स्लॅब म्हणतात. ती एका टोकाच्या बीमपासून दुसऱ्या टोकाच्या बीमपर्यंत, चढाच्याच दिशेने वाकते. त्यामुळे मुख्य सळया उताराला समांतर आणि स्लॅबच्या तळाशी हव्यात. आडव्या सळया भार पसरवण्यापुरत्या आणि तडे आवरण्यापुरत्या असतात. वरचे पायऱ्यांचे त्रिकोण म्हणजे भरणा. हिशेबात त्यांची ताकद शून्य धरतात, वजन मात्र पूर्ण धरतात.

दोन वळणांच्या एका साध्या जिन्याचा हिशेब पाहू. वळण म्हणजे पायऱ्यांची एक सलग रांग, चढ म्हणजे एका पायरीची उंची आणि पावठा म्हणजे तिच्यावर पाय ठेवायची रुंदी. मजल्याची उंची ३ मीटर, एकूण १८ चढ, म्हणजे एका वळणात ९ चढ आणि ८ पावठे. प्रत्येक चढ १६६.७ मिमी आणि पावठा २८० मिमी. वळणाची आडवी लांबी २२४० मिमी होते. त्यापुढे १ मीटरचे लँडिंग आणि त्याच्या पलीकडच्या कडेला बीम धरला, तर बीमच्या मध्यापासून मध्यापर्यंतचा गाळा सुमारे ३.४७ मीटर येतो. त्यासाठी १७५ मिमी जाडीची स्लॅब घेऊ. उतारामुळे तिरकी लांबी आडव्या लांबीच्या १.१६ पट भरते, म्हणून आडव्या मापाच्या दर चौरस मीटरवर स्लॅबचे वजन ४३७ नव्हे, ५०९ किलो येते. पायऱ्यांचे त्रिकोण २०८ किलो, फरशी व गिलावा सुमारे १०० आणि माणसांचा वापर ३०० किलो. बेरीज १११७ किलो. जिन्याचा बराचसा जोर स्वतःला उचलण्यातच जातो. पायऱ्यांचे काँक्रीट वाढवले तर स्लॅबवरचे ओझे वाढते, ताकद वाढत नाही. या गाळ्याला १० मिमीच्या सळया १५० मिमी अंतराने साधारण पुरतात, पण अंतिम हिशेब त्या इमारतीच्या अभियंत्याचाच असायला हवा.

इथे मापाची एक चूक सर्रास होते. ही १७५ मिमी जाडी उताराला काटकोनात मोजायची असते, पायरीच्या आतल्या कोपऱ्यापासून तळापर्यंत. ओळंब्याने सरळ खाली १७५ मोजले तर प्रत्यक्षात जेमतेम १५० मिमी मिळतात. तळाचे कव्हर, म्हणजे सळईखालचा काँक्रीटचा थर, तेवढेच राहते, म्हणून ही २५ मिमीची तूट थेट सळईच्या वरच्या उपयोगी खोलीतून जाते. ती १५० वरून १२५ मिमी होते, म्हणजे एक षष्ठांश कमी. वरून पाहणाऱ्याला हे कधीच कळत नाही. काँक्रीट ओतण्यापूर्वी बाजूच्या फळीवर आखलेल्या रेषेला काटकोन लावून पाहणे, हाच खात्रीचा उपाय.

आता आकृतीतील चूक. चढत्या वळणाचे वरचे टोक लँडिंगला मिळते, तिथे स्लॅबच्या तळाला आत शिरणारा कोपरा तयार होतो. तळाची सळई या कोपऱ्यातून वाकवून पुढे नेली, तर ताण येताच ती सरळ होऊ पाहते आणि सरळ होताना खाली, कव्हरच्या बाहेर जोर लावते. कव्हरच्या २०-२५ मिमी काँक्रीटला तो जोर पेलत नाही. पहिली खूण म्हणजे वळण आणि लँडिंग यांच्या सांध्याला धरून तळाला गेलेला आडवा तडा. पुढे तिथला थर पोकळ वाजतो आणि सुटतो. योग्य पद्धत अशी: वळणाची तळसळई न वाकवता तशीच तिरकी वर, लँडिंगच्या वरच्या थरापर्यंत न्यायची आणि तिथून पुढे वरच्या थरातच आडवी ठेवायची. लँडिंगची तळसळई सरळ वळणात घुसवून त्याच्या वरच्या थरात उताराबरोबर वळवायची. दोन्ही सळया सांध्यात एकमेकींना छेदतात. छेदानंतर १० मिमीच्या सळईला सुमारे अर्धा मीटर पकड मिळाली पाहिजे. वळणाच्या खालच्या टोकाला लँडिंग असेल तर उलट स्थिती असते. तिथे सरळ होऊ पाहणारी तळसळई काँक्रीटच्या आत दाबली जाते, म्हणून ती वाकवलेली चालते. आपण आकृती दुरुस्त करून पुन्हा छापावी, ही विनंती.

पायरीच्या मापांसाठी एक जुना नियम सगळे सांगतात. सतराव्या शतकात फ्रान्सच्या ब्लोंदेलने तो मांडला: दोन चढ अधिक एक पावठा, ही बेरीज माणसाच्या एका पावलाएवढी असावी. आज ती ६०० ते ६४० मिमी धरतात. वरच्या जिन्यात ती ६१३ येते. पण नुसत्या बेरजेवर विसंबू नये. चढ २०० आणि पावठा २२० घेतला तरी बेरीज ६२० येते, नियम पाळला जातो आणि जिना तरीही वाईट होतो. २२० मिमीवर मोठ्या माणसाचे पाऊल पूर्ण मावत नाही. चढताना हे चालून जाते, उतरताना मात्र पावलाचा पुढचा भाग हवेत राहतो किंवा पाय आडवा ठेवावा लागतो, आणि पडणे बहुधा उतरतानाच होते. म्हणून आधी पावठा ठरवावा, शक्यतो २७० ते ३००, आणि मग चढ. जागा वाचवायला १८ ऐवजी १६ चढ घेतले तर चढ १८७.५ होतो. पावठाही २५० केला तर एका वळणात ४९० मिमी जागा वाचते, पण म्हातारी माणसे आणि मुले त्याची किंमत रोज मोजतात.

याहून महत्त्वाचे म्हणजे सगळे चढ सारखे हवेत. दोन-तीन पायऱ्यांनंतर पाय उंची पाठ करतो आणि पुढे न पाहता तेवढाच उचलला जातो. फरक ५ मिमीच्या आत ठेवावा. तो बिघडतो कुठे, तर पहिल्या आणि शेवटच्या पायरीशी, तेही फरशीमुळे. समजा काँक्रीटमध्ये सगळे चढ १६६.७ मिमीचे अचूक आले. नंतर दोन्ही मजल्यांच्या जमिनीवर भर आणि फरशी मिळून ७० मिमी चढले, पायऱ्यांवर मात्र ४० मिमीच. मग पहिला चढ १३७ मिमी उरतो आणि शेवटचा १९७ मिमी होतो. साठ मिमीचा हा फरक कोणताही गवंडी नंतर लपवू शकत नाही. पायऱ्यांवर जास्त माल घातला तर पहिला चढ सुधारेल, पण मधल्या सगळ्या पायऱ्या, मधले लँडिंग आणि त्यापुढचे वळणही तेवढेच उचलावे लागेल आणि स्लॅबवर वजन चढेल. म्हणून सेंट्रिंग करतानाच कच्चा पहिला चढ १९७ आणि शेवटचा १३७ मिमी ठेवावा. मधल्या लँडिंगवर पायऱ्यांइतकीच, ४० मिमीची फरशी लावायची, म्हणजे तिथे फेरफार लागत नाही. हे करायचे तर कुठे किती जाडीची फरशी येणार, हे मालकाने स्लॅब ओतण्यापूर्वी ठरवून लेखी द्यायला हवे. ‘दगड नंतर बघू’ म्हणणाऱ्या घरात पहिल्या पायरीशी ठेच ठरलेलीच.

आपला,
एक वाचक (स्थापत्य अभियंता)