लग्नविधींच्या वेळापत्रक-कार्डात मुहूर्त, भोजनाची वेळ आणि स्वागत समारंभाचा क्यूआर कोड चुकल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : मंजूर प्रूफ डावलून छापलेले वेळापत्रक-कार्ड, रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

माझ्या भाचीचे लग्न फेब्रुवारीत साताऱ्यात झाले. पाहुण्यांसाठी विधींचे वेळापत्रक-कार्ड छापण्याचे काम आम्ही तुमच्याकडे दिले होते. मजकूर मी तयार केला, प्रूफही मीच तपासले, म्हणून हे पत्र मी, वधूची आत्या, लिहीत आहे. बिल माझ्या भावाच्या नावे आहे.

हे कार्ड म्हणजे लग्नपत्रिका नव्हे. पत्रिका महिनाभर आधीच वाटून झाली होती. वरपक्ष बेळगावचा, आमचे निम्मे पाहुणे पुण्या-मुंबईचे. दोन दिवसांत सीमांतपूजन, देवक, अक्षता, भोजन आणि संध्याकाळचा स्वागत समारंभ. त्यातले पहिले चार एकाच कार्यालयाच्या दोन मजल्यांवर आणि शेवटचा गावात दुसरीकडे. कुणी कुठे किती वाजता पोहोचायचे हे एका नजरेत दिसावे, एवढेच त्या कार्डाचे काम. शाळेत वर्षानुवर्षे तासांचे वेळापत्रक मी बसवत आले आहे, त्यामुळे मजकूर देताना मोघम काही ठेवले नव्हते. लग्नाच्या दिवसाच्या ओळी मी तुम्हाला अशा पाठवल्या होत्या :

स. ७.३० – पुण्याहवाचन, देवक – पहिला मजला – फक्त घरची मंडळी
स. ९.०० – नाश्ता – तळमजला – सर्व
स. १०.३० – गौरीहर पूजन – वधूची खोली – फक्त घरची मंडळी
दु. १२.०६ – अक्षता – तळमजला, मुख्य सभागृह – सर्व (११.४५ पर्यंत आसनस्थ व्हावे)
दु. १२.३० – कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी – मुख्य सभागृह – घरची मंडळी
दु. १२.३० पासून – भोजन – पहिला मजला – सर्व
सायं. ७.०० – स्वागत समारंभ – सर्व

तुमच्या पहिल्या प्रूफमध्ये हे सगळे जसेच्या तसे होते. मी ते मंजूर केले आणि फक्त एक बदल कळवला. स्वागत समारंभ वाढे फाट्याजवळच्या लॉनवर होणार होता, पण लॉनवाल्यांनी तीच तारीख आणखी कुणाला तरी दिलेली निघाली, म्हणून तो राजवाड्याजवळच्या सभागृहात हलवावा लागला. दुसऱ्या प्रूफमध्ये ठिकाणाचे नाव बदलून आले. मी विचारले, "खालचा क्यूआर कोड पण बदललात ना?" उत्तर आले, "हो मॅडम, झालं." हे संभाषण सोबत जोडले आहे.

छापून आलेल्या कार्डात अक्षतांची वेळ १२.४५ होती.

ही वेळ आली कुठून, हे तुमच्या ऑपरेटरशी फोनवर बोलल्यावर कळले. कार्डाच्या पाठीवर गुरुजींच्या हस्ताक्षरातले लग्नटिपण फिकट रंगात छापावे, ही कल्पना तुमच्या डिझायनरची. चांगली वाटली म्हणून आम्ही टिपणाचा फोटो दिला. आमचे गुरुजी जुन्या वळणाचे आहेत. त्यांनी टिपणात सूर्योदयापासूनची वेळ लिहिली होती : घटी १२ पळे ४५. एक घटी म्हणजे २४ मिनिटे आणि एक पळ म्हणजे २४ सेकंद. १२ घटींची २८८ मिनिटे, ४५ पळांची १८, मिळून ३०६ मिनिटे, म्हणजे ५ तास ६ मिनिटे. त्या दिवशीचा सूर्योदय गुरुजींनी ७ वाजता धरला होता. त्यात हे मिळवले की येतात १२.०६. पत्रिकेत हीच वेळ होती, मजकुरात हीच होती आणि तुमच्या दोन्ही प्रूफमध्येही हीच होती.

ऑपरेटरचे शब्द असे : "टिपणात १२-४५ आहे ना, तुमच्याकडून चुकून १२.०६ पडलं असेल, म्हणून आम्ही दुरुस्त केलं." घटी-पळे हल्ली फारसे कुणाला ठाऊक नसतात, त्याबद्दल त्या मुलाला मी दोष देत नाही. पण आकड्यांच्या आधी 'घटी' आणि 'पळे' असे शब्द स्पष्ट लिहिलेले होते आणि मंजूर झालेल्या प्रूफमधला आकडा ग्राहकाला न विचारता बदलायचा नसतो. एक फोन केला असता तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता.

मुळात प्रूफनंतर मजकुराला हात लागलाच का, हेही मी विचारले. मोबाईलवरून आलेला युनिकोड मजकूर छपाईच्या फाइलमध्ये घेताना जोडाक्षरे फुटली, ऱ्हस्व वेलांट्या भलत्याच अक्षरापुढे गेल्या, म्हणून सगळे पान तुमच्या जुन्या फाँटमध्ये नव्याने टाइप केले, असे सांगण्यात आले. म्हणजे मी जे पान वाचून मंजूर केले ते छापलेच गेले नाही. जे छापले ते माझ्यासमोर कधी आले नाही. नव्याने टाइप केले तर तिसरे प्रूफ पाठवणे भाग होते. ते न पाठवता छापले, हीच माझी मूळ तक्रार. बाकीचे सगळे त्यातूनच आले.

कारण एक आकडा हलवला की त्याखालच्या ओळी जागेवर राहत नाहीत. अक्षता १२.४५ ला आणि त्यांच्या आधी १२.३० ला सप्तपदी, हे तुमच्या माणसालाही विचित्र वाटले असणार. त्याने सप्तपदी १.०० ला नेली. भोजनाची वेळ सप्तपदीच्याच वेळेला पाहून ती चूकच समजली आणि भोजन १.३० ला ढकलले. लग्नात अक्षता पडल्या की होमाजवळ घरचे बसतात आणि बाकीची मंडळी पानावर जातात. त्या दोन ओळी मी मुद्दामच एका वेळेच्या ठेवल्या होत्या आणि 'कोणासाठी' हा शेवटचा रकाना त्यासाठीच होता. तो रकाना तर तुम्ही पूर्ण काढून टाकला. "कार्ड भरगच्च दिसत होतं," असे कारण मिळाले.

आता प्रत्यक्षात काय झाले ते सांगते. कार्डांचे निम्मे गठ्ठे तुम्ही परस्पर बेळगावला पाठवले होते, ते तिथे वाटून झाले होते. आमचा गठ्ठा ठरल्या दिवसाऐवजी लग्नाच्या आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन चालू असताना पोहोचला. चूक लक्षात आल्यावर भाचरांना पेन देऊन दुरुस्तीला बसवले, तर कार्डाला मॅट लॅमिनेशन. बॉलपेन उमटेना, जेल पेनची शाई बोट लागताच पसरू लागली. शेवटी कुणीतरी रात्री कायम शाईचे मार्कर शोधून आणले आणि सोनेरी वेलबुट्टीवर जाड काळे आकडे पडले. ज्या कार्डावर वेळ छापायची त्याची आतली बाजू लॅमिनेशनशिवाय ठेवावी, एवढे तरी तुमच्या माणसांनी आम्हाला सुचवायचे.

बेळगावकरांना निरोप गेले, पण सगळ्यांपर्यंत पोहोचले नाहीत. पत्रिकेत १२.०६ होते हे खरे. पण माणूस नंतर हाती आलेला कागद खरा मानतो. "मुहूर्त बदललेला दिसतोय," असे समजून वराच्या आजोळची मंडळी साडेबारानंतर आली, तेव्हा अंतरपाट केव्हाच दूर झाला होता. वराच्या मामींनी हातातल्या अक्षता तशाच पदराच्या टोकाला बांधल्या. त्यांना काय सांगायचे ते आम्हाला सुचले नाही. लग्नात वरपक्षाचा रुसवा कशाकशावरून होतो हे तुम्ही जाणताच; इथे तर कारण छापील होते.

सकाळी याच्या उलट झाले. 'घरची मंडळी' हा रकाना नसल्याने साडेसातच्या पुण्याहवाचनालाच बरेच पाहुणे हजर झाले. नाश्ता नऊचा, आचारी तेव्हा कुठे पोह्यांची तयारी करत होते. दुपारी पहिली पंगत अर्धी रिकामी उठली आणि दीडच्या सुमारास सगळे एकदम जिन्यावर आले.

संध्याकाळची गोष्ट वेगळी. कार्डावर ठिकाण राजवाड्याजवळचे सभागृह असे बरोबर छापले होते, म्हणून आदल्या रात्री त्या ओळीकडे कुणाचे लक्ष गेले नाही. क्यूआर कोड मात्र जुन्या लॉनचाच राहिला होता. तो कोड म्हणजे त्या दुव्याचेच चित्र असते. शेजारचा मजकूर बदलला तरी कोड आपोआप बदलत नाही, तो नव्याने तयार करून फोनने वाचून पाहावा लागतो. बाहेरगावचे लोक पत्ता वाचत नाहीत, कोड वाचून गाडी काढतात. बरीच मंडळी वाढे फाट्याच्या लॉनवर पोहोचली. तिथे त्या वेळी दुसऱ्याच लग्नाचा स्वागत समारंभ रंगात होता. आमचे एक वयस्कर नातेवाईक तर रांगेत उभे राहून आहेराचे पाकीट भलत्याच जोडप्याच्या हाती देऊन, आशीर्वाद देऊन आले. आता घरात ही गोष्ट हसून सांगतात. त्या संध्याकाळी कुणी हसत नव्हते.

ही चूक फोनवर कळवली तेव्हा तुमच्या कार्यालयातून पुढच्या छपाईवर दहा टक्के सवलत देऊ केली गेली. आमच्या घरात नजीकच्या काळात लग्न नाही, त्यामुळे या सवलतीचा आम्हाला उपयोग नाही.

माझ्या मागण्या अशा. कार्डाची छपाई, डिझाइन आणि दोन्ही पत्त्यांवरच्या पोहोचवणीची पूर्ण रक्कम परत करावी. प्रूफ मंजूर झाल्यावर मजकूर कुणाच्या सांगण्यावरून बदलला, याचे उत्तर लेखी द्यावे. ते उत्तर आम्हाला व्याह्यांना दाखवायचे आहे, कारण त्यांच्यातल्या काहींना अजूनही वाटते की वेळ आम्हीच चुकीची कळवली. वाया गेलेल्या नाश्त्याचा आणि धावपळीचा खर्च मी मागत नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवू आणि गरज पडल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे उत्तर लांबवून विषय मिटेल असे समजू नये.

कळावे.

आपली,
(सही)
वधूची आत्या, बिलधारक ग्राहकाच्या वतीने

सोबत : बिलाची प्रत, मी पाठवलेला मजकूर, दोन्ही प्रूफ व त्यावरील संभाषण, गुरुजींच्या टिपणाचा फोटो, छापील कार्ड (मार्करने दुरुस्त केलेले एक आणि न केलेले एक).