धोकादायक, पण नेमकं कुठे?

मा. संपादक,

मध्य मुंबईतल्या आमच्या वस्तीतलं जुनं एकपडदा चित्रपटगृह ‘सी-१’ ठरवून पाडण्याची तयारी सुरू आहे. महापालिकेच्या धोकादायक इमारतींच्या वर्गवारीत सी-१ म्हणजे इमारत रिकामी करून पाडायची. सी-२ए असेल तर रिकामी करून मोठी दुरुस्ती करता येते. त्यामुळे या वर्गावर सगळं अवलंबून आहे, आणि तो ज्या चाचण्यांवरून ठरतो त्या कुठे घेतल्या हे रहिवाशांनी विचारायला हवं.

चित्रपटगृह सगळीकडे सारखं कुजत नाही. प्रेक्षागृह कोरडं असतं. पाणी मुरतं ते स्वच्छतागृहांच्या खाली, मागच्या जिन्यात आणि छताच्या पन्हळीला लागून, जिथे छताचा भार पेलणाऱ्या लोखंडी कैच्यांची टोकं भिंतीवर टेकतात. काँक्रीटवर फिनॉल्फथेलिन लावलं की चांगला भाग गुलाबी होतो. रंग आलाच नाही तर तिथली क्षारता गेली, आतल्या सळ्यांना आता संरक्षण नाही. ही तपासणी फक्त स्वच्छतागृहाजवळच्या खांबांवर झाली असेल तर अख्खी इमारत गेल्यासारखी दिसणारच! नमुने दर्शनी भाग, बाल्कनीच्या तुळया आणि कैच्या यांचेही हवेत. बहुतेकदा गंजलेली असतात ती कैच्यांची टोकंच. कैचीला खालून आधार देऊन तेवढा भाग कापून नवा जोडता येतो.

मालकाची अडचणही खरी आहे. हजार खुर्च्यांचं गृह आज रोज भरत नाही आणि शहराला घरं हवीतच. पण दर्शनी भाग, जिना आणि फॉयर राखून मागे बांधकाम करता येतं. प्रेक्षागृहात नवे मजले घालायचे तर त्यांचा भार जुन्या भिंतींवर टाकू नये, आत वेगळा लोखंडी सांगाडा स्वतःच्या पायावर उभा करावा. भिंतींवर भार टाकून पैसे वाचवायला गेलं की तडे तिथूनच सुरू होतात. १९३८ सालचं मेट्रो २००६ मध्ये मल्टिप्लेक्स झालं, आणि त्याच वर्षीचं इरॉस २०२४ मध्ये आयमॅक्स पडद्यासह पुन्हा उघडलं. इमारत वारसा यादीत आली तर वापरता न आलेला एफएसआय, म्हणजे बांधकामाचा उरलेला हक्क, महापालिकेच्या मंजुरीने टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा विकास हक्क, म्हणून विकता येतो. मालकाशी बोलणी इथून सुरू व्हावीत. नुसत्या आठवणी सांगून तो ऐकणार नाही, आणि का ऐकावं?

तळमजल्यावरचे दुकानदार भाडेकरू आहेत, म्हणून पहिलं पाऊल त्यांनी उचलावं. त्यांनी महापालिकेकडे नोंद असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून दुसरा अहवाल घ्यावा. दोन अहवाल परस्परविरोधी निघाले तर प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. इतर रहिवाशांनी माहिती अधिकारात पहिल्या अहवालासोबत चाचणीच्या जागा दाखवणारा नकाशाही मागावा. तो जोडलेला नसेल तर आधी तेवढाच मुद्दा लेखी नोंदवावा.

आपले,
दादर-परळ परिसरातील काही स्थापत्य अभियंते